सव्वा महिन्यातले पाहुणे

आपल्या घरांत बाळंतिणीच्या सव्वा महिन्याचा हिशेब मोठ्या काटेकोरपणे ठेवला जातो. जन्माचे दहा दिवसांचे सूतक, बाराव्या दिवसाचे बारसे, आणि पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला प्रथमच जिनमंदिरात नेऊन त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणण्याची रीत, हे सारे टप्पे आमच्या आईच्या बोटांवर होते. कुठल्या घराण्यात दिवस थोडे कमी धरतात, कुठे जास्त. पण चाळीस ते पंचेचाळीस दिवस बाळ-बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, एवढे सर्वत्र ठरलेले. या व्यवस्थेत एक विसंगती मात्र मला नेहमी जाणवत आली. बाळ बाहेर जात नसे, परंतु बाहेरचे सारे बाळाकडे येत असत. व्यापारी घरात तर विचारूच नये. अडत्या, दलाल, शेजारचे दुकानदार, मुनीमजींचे कुटुंब, दूरच्या भावकीतले काका, सगळे ‘बाळ पाहायला’ येणार, आणि न आलेल्याचे नाव लक्षात राहणार. नात्याची उधारी अशी फेडली जाते. तिला नाही म्हणणे सोपे नसते.

आमच्या घरी दोन नातवंडे झाली. पहिल्याच्या वेळी पाहुण्यांचा प्रश्न सरकारने सोडवला, दुसरीच्या वेळी तो आम्हाला सोडवावा लागला. दोन्ही बाळंतपणे माझ्या मुलीची, अमरावतीला माहेरी झालेली. तिचे सासर अकोल्याचे, कापडाच्या ठोक व्यापारातले.

पहिला नातू जानेवारी २०२१ च्या अखेरीस झाला. कोरोनाची पहिली लाट ओसरली असे सर्वांनी धरले होते, लग्नसराई पुन्हा सुरू झाली होती, आणि नेमक्या त्याच वेळी अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांचे आकडे राज्यात सर्वांआधी चढू लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत आठवडाभराची टाळेबंदी लागली, अकोल्यातही निर्बंध आले. बाळ तेव्हा महिन्याचेही नव्हते. बारसे घरातल्या पाच माणसांत उरकले होते; विहीणबाईंनी पाळण्याचे गाणे अकोल्याहून मोबाइलवर म्हटले. पहिले तीन महिने त्या बाळाला घरातल्या माणसांखेरीज कोणाचा हात लागला नाही, आणि या काळात त्याला साधी सर्दीही झाली नाही.

एका बाळावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणतो. पण याच काळात जगभरच्या बालरोगतज्ज्ञांच्या नजरेस एक गोष्ट आली. ‘आर.एस.व्ही.’ नावाचा श्वसनमार्गाचा एक विषाणू आहे. मोठ्यांना त्याने दोन दिवसांचे पडसे होते, तान्ह्या बाळांना मात्र तो रुग्णालयात पोचवतो. हा विषाणू २०२०-२१ च्या हंगामात अनेक देशांतून जवळजवळ नाहीसा झाला, आणि निर्बंध उठताच अवेळी, भर उन्हाळ्यातही, परत आला. माणसांची ये-जा थांबली की तो थांबतो आणि ती सुरू झाली की तोही निघतो, हे इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी दिसले नव्हते.

दुसरी नात १४ नोव्हेंबर २०२४ ला झाली. तुळशीचे लग्न नुकतेच आटोपलेले, लग्नाच्या तिथी सुरू, थंडी पडू लागलेली. आता टाळेबंदी नव्हती. रुग्णालयातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ‘केव्हा येऊ?’ असे फोन सुरू झाले. आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना मी विचारले की, नेमके भ्यायचे कशाला, ते सांगा. सगळ्यालाच भ्यायचे म्हटले तर घर चालणार नाही.

त्यांनी सांगितलेले मी माझ्या शब्दांत देतो. बाळ जन्मते तेव्हा त्याच्याकडे स्वतःची कमावलेली प्रतिकारशक्ती फारशी नसते. आईच्या रक्तातून वारेवाटे जी संरक्षक द्रव्ये मिळतात, ती त्याची आरंभीची पुंजी. ही पुंजी प्रामुख्याने गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते, म्हणून अपुऱ्या दिवसांचे बाळ अधिक नाजूक. पुढच्या काही महिन्यांत ती हळूहळू खर्ची पडते, आईच्या दुधाने थोडी भर पडत राहते, आणि लसींनी बाळाची स्वतःची कमाई सुरू होते. लसींचा मुख्य आरंभ सहाव्या आठवड्याला. मग दहावा, मग चौदावा. डांग्या खोकल्यापासूनचे संरक्षण या तीन मात्रांनी उभे राहते. म्हणजे सव्वा महिना संपतो तेव्हा संरक्षण पूर्ण झालेले नसते, ते जेमतेम सुरू होत असते. गोवराची लस तर नवव्या महिन्यात. तोवर सारा भरवसा आईकडून आलेल्या पुंजीवर आणि आजूबाजूच्या मुलांना लस दिलेली असण्यावर.

दुसरी बाब बाळाच्या शरीराच्या घडणीची. तान्हे बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते. आपले नाक चोंदले तर आपण तोंडाने श्वास घेतो. बाळाचे चोंदले तर त्याला दूध ओढता येत नाही, कारण तोंड दुधात गुंतलेले. आणि त्याच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या इतक्या अरुंद असतात की, थोडी सूज व थोडा कफ यांनी त्या बंद होतात. पाहुण्याचे ‘साधे पडसे’ बाळापर्यंत पोचताना साधे राहत नाही ते यामुळे.

यावरून आम्ही घरापुरते काही ठरवले. एखाद्या पाटीवर लिहून दारावर लावावे असे माझ्या मुलाने सुचवले. ते मी नाकारले. पाटी वाचून माणूस दुखावतो, सांगून दुखावत नाही. फोन येताच मी स्वतः म्हणत असे, “जरूर या. घरात कोणाला सर्दी-खोकला, ताप, डोळे आलेले वा जुलाब असतील, तर मात्र पंधरा दिवस थांबून या. बाळ कुठे जात नाही.” आश्चर्य म्हणजे निम्म्या लोकांनी स्वतःहून तारीख पुढे ढकलली. आजाराचे निमित्त त्यांच्यापाशी होतेच. यायचे टाळण्याची परवानगी कोणी देत नव्हते, इतकेच.

आलेल्यांसाठी बैठकीच्या खोलीलगतच्या मोरीजवळ साबण ठेवला आणि घरातले जुने धुतलेले सुती पंचे चौकोनी फाडून त्यांची चळत ठेवली. एका माणसाला एक तुकडा, वापरून टोपलीत. हात धुतल्यावर सर्वांनी एकाच लोंबत्या टॉवेलला हात पुसायचे, ही आपल्या घरांची सवय धुण्याचे निम्मे पुण्य घालवते. हात धुणे म्हणजे बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखांच्या कडा यांसह किमान वीस सेकंद साबण चोळणे. मनात एक णमोकार शांतपणे म्हटला तर तेवढा वेळ सहज जातो. पाणी साबण चोळताना लागत नाही, नळ तेव्हा बंद ठेवता येतो, हेही आपल्या घरात सांगण्यासारखे. बाटलीतला सॅनिटायझर सोयीचा खरा, पण मळलेल्या हातांवर तो काम करीत नाही. आणि वऱ्हाडात खर्रा चोळणारे हात किती असतात, हे मी वेगळे सांगायला नको.

बाळाच्या मुठीत नोट ठेवण्याच्या रिवाजाबद्दल मला थोडे अधिकाराने बोलता येईल. माझे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले. नोट किती हातांतून, किती खिशांतून आणि किती जिभेला लावलेल्या बोटांखालून जाते, ते मी पाहिले आहे. ओला स्पंज टेबलावर असतानाही जिभेला बोट लावून मोजणारे ग्राहक मी रोज पाहत असे. तीच नोट आपण कौतुकाने बाळाच्या मुठीत देतो, आणि बाळाची मूठ पुढच्या क्षणी तोंडात जाते. नोटेवरून प्रत्यक्ष किती आजार होतात, हा भाग वेगळा. पण आहेर पाकिटात घालून आजीच्या हाती देण्याने कोणाचेच काही कमी होत नाही. आमच्याकडे पाळण्याजवळ एक चांदीची वाटी ठेवली होती. लोक पाकीट त्यात ठेवू लागले, आणि वाटी पाहून कोणाला वाईट वाटले नाही.

बाळाच्या तोंडाचा पापा घ्यायचा नाही, हे मात्र स्पष्ट सांगावे लागले. ओठाच्या कडेला जर उठलेल्या माणसाने घेतलेला पापा नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत पोचणारा आजार देऊ शकतो. क्वचित घडते, पण घडते तेव्हा भयंकर असते. घरच्यांनी तळपायाचा पापा घ्यावा, अशी तोड माझ्या पत्नीने काढली. मुखावर वस्त्र बांधण्याचे मात्र कोणी वावडे मानले नाही. पूजेच्या वेळी मुखकोश बांधणे वा साधु-साध्वींची मुहपत्ती पाहणे ज्यांच्या डोळ्यांना सवयीचे, त्यांना बाळाजवळ मास्क लावा म्हणणे कठीण नाही. मुहपत्तीमागचा भाव जीवदयेचा आहे, रोगाचा नाही, हे मला ठाऊक आहे. मी केवळ सवयीबद्दल बोलतो. बाळाला मात्र कधीही मास्क लावू नये, त्याचा श्वास कोंडतो.

पाहुण्यांच्या गडबडीत ज्या व्यक्तीकडे कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे मालिश करणारी बाई. पाहुणा एकदा येतो, दहा मिनिटे बसतो. ती रोज येते, तासभर बाळ तिच्या मांडीवर असते, आणि त्याच सकाळी ती आणखी चार बाळांच्या घरून आलेली असते. आमच्या बाईंना मी पहिल्या दिवशी बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायला सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आत्ताच त् धुतले जी त्या घरी. काहून पुन्हा?” मी म्हटले, त्या घरचे त्या घरी राहू द्या. त्या हसल्या आणि रोज धुऊ लागल्या. पण खरा मुद्दा हाताचा नव्हता. आजारी असताना त्यांनी येऊ नये अशी इच्छा असेल, तर आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापून चालत नाही. रोजची मजुरी बुडते म्हणून ताप अंगावर काढून येणारी बाई आपणच घरात बोलावतो. मी त्यांना सांगितले की, खोकला-ताप असेल त्या दिवशी फोन करा, दिवस भरला असे धरीन. सव्वा महिन्यात त्यांनी तीन दिवस फोन केला. तीन दिवसांची मालिश रोजाने हिशेब केला तर किरकोळ रक्कम झाली.

कठीण प्रसंग बारशानंतर आला. अकोल्याहून व्याही एक मोठी गाडी करून अकरा माणसे घेऊन आले. त्यांत व्याह्यांच्या आत्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना तीन आठवड्यांपासून खोकला होता. ताप नाही, पडसे नाही, नुसता उबळ येऊन येणारा खोकला. मोठ्या माणसाला असा रेंगाळणारा खोकला अनेक कारणांनी होतो, त्यांत डांग्या खोकलाही असू शकतो. लहानपणीच्या लसीचे संरक्षण तोवर ओसरलेले असते. मोठ्यांत तो ओळखू येत नाही. तान्ह्यांत तर ‘हुप्’ असा आवाजही येत नाही; बाळ खोकता खोकता श्वास घेण्याचे थांबते आणि निळे पडते. माझ्या मुलीला सातव्या महिन्यानंतर त्यावरची लस डॉक्टरांनी दिली होती, ती आईकडून बाळाला काही काळ तारते. तरीही.

आत्याबाईंना अडवणार कोण? मुलगी सून या नात्याने बोलू शकत नव्हती, आणि मी मुलीचा बाप. मी व्याह्यांना बाजूला घेऊन सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले, मग स्वतः आत्याबाईंपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, “आत्या, तुम्ही इथून दर्शन घ्या. पोर तुम्हाला दाराशी आणून दाखवतात.” मुलीने बाळाला छातीशी धरून खोलीच्या दारात उभे राहून दाखवले. मधे आठ-दहा फुटांचे अंतर, खिडक्या उघड्या. आत्याबाई म्हणाल्या, “आमच्या येळी असं नव्हतं,” आणि थोड्या वेळाने, “आमच्या येळी जगतही नव्हती सगळी.” त्यांची स्वतःची दोन लेकरे तान्हेपणी गेली, हे व्याह्यांनी मला नंतर सांगितले. घरी परतल्यावर त्यांना छातीच्या डॉक्टरांना दाखवण्यात आले, हा या भेटीचा आणखी एक लाभ.

इतके सारे सांभाळूनही बाळ आजारी पडलेच, आणि तो प्रकार सविस्तर सांगण्यासारखा आहे.

डिसेंबरच्या ११ तारखेला अकोल्यात जावयांच्या चुलत बहिणीचे लग्न होते. बाळ चार आठवड्यांचे. मंगल कार्यालय वातानुकूलित, म्हणजे दारे-खिडक्या बंद, हजार-बाराशे माणूस. मोकळ्या मांडवात श्वासाबाहेर पडलेले विषाणू वाऱ्याने पांगतात, बंद सभागृहात ते साचत जातात. गोवराचे तर माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकून राहतात. आई व बाळ जाणार नाहीत, हे विहीणबाईंनीही मान्य केले. जावई मात्र जाणार होते, आणि थोरला नातू, आता चार वर्षांचा, वरातीत नाचण्यासाठी महिनाभर आधीपासून तयार होता. तो गेला, चुलत भावंडांत दोन दिवस खेळला आणि १३ तारखेला अमरावतीला परतला. १६ तारखेला त्याचे नाक वाहू लागले. २० तारखेला बाळाचे नाक चोंदले.

बाळ गर्दीत गेले नव्हते. गर्दीच चार वर्षांच्या मुलाचे बोट धरून घरी आली होती. डॉक्टर म्हणाले की, तान्ह्यांच्या श्वसनविकारांत संसर्ग पाहुण्यांपेक्षा घरातूनच येण्याचे प्रमाण अधिक असते, आणि त्यातही शाळेत जाणाऱ्या मोठ्या भावंडाकडून. त्याला घराबाहेर ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. आधीच त्याची आई त्याच्यापासून वाटली गेलेली असते. मात्र गर्दीच्या समारंभातून परतलेल्या घरच्या माणसाला आठवडाभर पाहुणा समजावे, हा त्यांचा सल्ला आम्ही पुढे पाळला. आल्याबरोबर कपडे बदलणे, हातपाय-तोंड धुणे, झोपायला बाळापासून वेगळी खोली, आणि पापा फक्त तळपायाला.

पहिले दोन दिवस आम्ही दूध पाजण्याआधी डॉक्टरांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालत होतो. २२ तारखेच्या रात्री मुलगी म्हणाली, “बाबा, ही दूध ओढते आणि सोडते.” एरवी पंधरा-वीस मिनिटे पिणारी पोर तीन मिनिटांत थकून बाजूला होत होती. मी घड्याळ घेऊन तिचा श्वास मोजला. याची पद्धत अशी. बाळ शांत वा झोपलेले असताना त्याचे पोट उघडे करायचे आणि पोटाची वर-खाली हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही, कारण तान्ह्यांचा श्वास अनियमित असतो; ते भरभर घेते, मग क्षणभर थांबते. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा त्याहून अधिक भरला, तर पुन्हा एकदा मोजायचे. दुसऱ्यांदाही तितकाच आला, तर सकाळची वाट पाहायची नाही. माझे पहिले मोजमाप ६६ आले, दुसरे ६८. रोकड दोनदा मोजण्याची जन्माची सवय. श्वास घेताना बरगड्यांखालचा भागही आत ओढला जात होता.

रात्री अकराला आम्ही रुग्णालयात होतो. रक्तातला प्राणवायू कमी होता. दोन रात्री नाकातून प्राणवायू आणि आईचे काढलेले दूध नळीने, एवढाच उपचार झाला. हा विषाणूचा आजार, यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही, बाळाला त्याच्या श्वासापुरते सांभाळायचे, आजार स्वतः उतरतो, असे डॉक्टरांनी सांगितले. तसेच झाले. घरी आलो तेव्हा ती अधाशासारखी दूध प्यायली. खोकला पुढे दोन आठवडे राहिला.

श्वास मोजण्याचे हे शिक्षण मला रुग्णालयात मिळालेले नव्हते. त्याचे मूळ आपल्या विदर्भातलेच आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत १९९५ पासून गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यांना आरोग्यदूत म्हणत. बाळाला हात लावण्याआधी हात धुणे, बाळाला उबदार ठेवणे, वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे व त्यावर उपचार करणे, हे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे २०११ पासून केंद्र सरकारने हीच रीत देशभरच्या आशा कार्यकर्तींकडे सोपवली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाते. आपल्या बंगल्यांना वाटते की, हे झोपड्यांसाठी आहे. पण त्या झोपड्यांतून तयार झालेली लक्षणांची यादी आमच्या पलंगाशीही तितकीच लागू पडली. दूध ओढण्याचे कमी वा बंद होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, अंग तापणे वा उलट थंडगार लागणे, श्वास ६० च्या वर जाणे, छाती आत ओढली जाणे. तापाचे म्हणाल तर काखेत लावलेला थर्मामीटर ९९.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की, या वयात घरचे औषध पाजून वाट पाहायची नाही. थंड पडलेले बाळ तर तापलेल्याहून अधिक काळजीचे.

या आजारपणामुळे सहा आठवड्यांची लस आठवडाभर पुढे गेली. २९ डिसेंबरला पंचेचाळिसावा दिवस होता, आणि तो रविवार. रविवारी मंदिरात किती माणूस असते, ते सांगायला नको. दिवस टळू नये असे माझ्या पत्नीच्या मनात होते. मंदिरातील पंडितजींना विचारले, तर ते म्हणाले, “पंचेचाळीस दिवसांच्या आत आणू नये, इतकेच; नंतर केव्हाही आणा.” मग लस होऊन आठवडा गेल्यावर, जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळचा अभिषेक आटोपून गर्दी पांगल्यावर आम्ही गेलो. गाभाऱ्यापासून दूर, धुपाचा धूर नसलेल्या बाजूला बसलो. मुलीने बाळाला सुती झोळीने छातीशी बांधले होते, नाक-तोंड उघडे व वर. यात एक गंमत लक्षात आली. हातावर घेतलेले बाळ पाहून जो तो ‘द्या इकडे’ म्हणत हात पुढे करतो. छातीशी बांधलेले बाळ कोणी मागत नाही, लांबूनच हसतो. आजीने कानात मंत्र म्हटला. बारा मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

अकोल्याला जाणे चौदा आठवड्यांची तिसरी मात्रा झाल्यावर ठरले, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात. त्याहून उशीर केला असता, तर अकोल्याचा उन्हाळा हा आणखी एक शत्रू उभा राहिला असता. बडनेऱ्याहून रेल्वे सोयीची होती, पण आमची तिकिटे वातानुकूलित डब्यातली, आणि तिथे शेजारी कोण खोकेल ते आपल्या हाती नाही. म्हणून सकाळी सातला मोटारीने निघालो, काचा थोड्या उघड्या ठेवून. मूर्तिजापूरजवळ एकदा थांबून दूध पाजले. दहाच्या आत पोचलो.

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. त्यांचा खोकला औषधांनी जानेवारीतच गेला होता. कोणी सांगण्याआधी त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि सुनेला म्हणाल्या, “आधी साबण दे व.” हात धुऊन, पदराला न पुसता तसेच ओले वर धरून, त्या ओट्यावर बसल्या आणि मांडी पसरून म्हणाल्या, “द्या आता.”